केळीची फणी, पोटॅशची गोणी आणि अंगठ्याएवढा काउंटर

आमचं कॉलेज चोपडा तालुक्यातलं. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला प्रत्येकाला एक छोटा प्रकल्प करावा लागतो. गेल्या खेपेला केळीच्या बागायतदाराची एक मुलगी विषय घेऊनच आली. केळीत पोटॅशियम असतं, पोटॅशियम थोडंसं किरणोत्सारी असतं, मग आपल्या शेतातल्या केळीचा किरणोत्सार लॅबमधल्या गायगर-म्युलर म्हणजे जीएम काउंटरवर मोजता येईल का? विषय सांगताना तिने पिशवीतून बारा केळ्यांची फणीच काढून टेबलावर ठेवली. मी म्हटलं, लाव काउंटर.

फणी काउंटरच्या ट्यूबशेजारी ठेवून तिने दहा मिनिटं मोजलं, मग फणी उचलून आणखी दहा मिनिटं. पहिल्यांदा 283 काउंट आले, दुसऱ्यांदा 279. तिचा चेहरा पडला. लॅबमधले आमचे मदतनीस मागून म्हणाले, "मंग यामा काही शे का नही?"

प्रश्न अगदी नेमका होता, आणि पुढचे तीन महिने आम्ही त्याच्याच मागे होतो. केळीत काहीच नाही, की आहे पण काउंटरला दिसत नाही? "दिसत नाही" असं म्हणायचं तर किती निघालं आणि त्यातलं किती मोजलं गेलं, हे आकड्यात सांगता आलं पाहिजे. त्यासाठी आधी काउंटरची नजर किती आहे ते तपासायला हवं होतं.

आमची ट्यूब साधी आहे. तोंडाला अभ्रकाची पातळ खिडकी, खिडकीचा व्यास 15 मिमी, आतल्या नळीची लांबी साधारण 4 सेंमी. नजर तपासायला लॅबमध्ये सीझियम-137 ची प्लॅस्टिकमध्ये बंद केलेली एक चकती आहे. तिच्यावर छापलंय 3 मायक्रोक्युरी, जानेवारी 2012, आणि बारीक अक्षरात ±20%. ही बारीक अक्षरं नंतर आम्हाला चांगलीच भोवली.

3 मायक्रोक्युरी म्हणजे सेकंदाला 1,11,000 क्षय. हा आकडा 2012 चा. सीझियमचं अर्धायुष्य सुमारे 30 वर्षांचं आहे आणि मधे साडेबारा वर्षं गेलेली, म्हणजे आता मूळच्या पाऊण हिस्सा उरला: सेकंदाला 83,200. प्रत्येक क्षयात गामा फोटॉन बाहेर पडतोच असंही नाही. 662 केइव्ही ऊर्जेचा गामा 100 पैकी 85 वेळाच मिळतो. तेव्हा चकतीतून सेकंदाला सुमारे 70,800 फोटॉन सगळ्या दिशांना सुटतात.

"सगळ्या दिशांना" हे शब्द मुलं पाठ म्हणतात, पण कागदावर गणित करताना नेमके तेच विसरतात. चकती म्हणजे काउंटरकडे तोंड केलेली बॅटरी नव्हे. ती शेतातल्या उघड्या बल्बसारखी असते, उजेड चहूकडे जातो. 5 सेंमीवरची 15 मिमीची खिडकी त्या उजेडाचा किती तुकडा झेलते, हे घनकोन सांगतो. चकती एक बिंदू धरली आणि खिडकी तिच्या बरोबर समोर असली, तर:

```
Ω/4π = ½ (1 − d/√(d² + a²))
```

इथे d म्हणजे अंतर आणि a म्हणजे खिडकीची त्रिज्या. d = 50 मिमी आणि a = 7.5 मिमी घातलं की उत्तर 0.0055 येतं. हजार फोटॉन सुटले तर साडेपाच खिडकीकडे जातात, बाकीचे भिंतीत, छतात आणि आपल्या अंगात. 70,800 पैकी सुमारे 392 फोटॉन दर सेकंदाला खिडकीवर यायला हवेत.

तिने काउंटर लावला. मिनिटाला 2,300 काउंट आले. बॅकग्राउंड, म्हणजे समोर काही नसतानाही पडणारे काउंट, 28 होतं, ते वजा केल्यावर सेकंदाला 38 उरले. 392 पैकी 38, म्हणजे जवळजवळ दहा टक्के. ती खूष झाली. आपला जीएम गामाला दहा टक्के कार्यक्षम आहे, असं तिने वहीत दोन रेघा मारून लिहूनही टाकलं.

मला तो आकडा पाहूनच खटकलं. जीएम ट्यूबच्या आत विरळ वायू असतो, आणि 662 केइव्हीचा फोटॉन त्यातून सरळ निघून जातो. काउंट पडायचा तर फोटॉनने नळीच्या धातूच्या भिंतीत एखादा इलेक्ट्रॉन उडवायला हवा, आणि तो इलेक्ट्रॉन भिंतीतून आतल्या वायूत पोचायला हवा. भिंतीचा फक्त आतला पातळ थर या कामाचा असतो, खोलवर उडालेला इलेक्ट्रॉन भिंतीतच जिरतो. म्हणून या ऊर्जेला अशा ट्यूबची कार्यक्षमता एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमीच असते. दहा टक्के आले म्हणजे कुठलं तरी पाणी मुरतंय.

मुरत होतं ते बीटाचं. सीझियम-137 आधी बीटा कण सोडतो आणि मग गामा. चकतीच्या एका बाजूचं प्लॅस्टिक पातळ आहे, त्यातून काही बीटा बाहेर येतात. गामासाठी आंधळी असलेली ही ट्यूब बीटासाठी मात्र डोळस आहे. अभ्रकाच्या खिडकीतून आत शिरलेला जवळपास प्रत्येक बीटा मोजला जातो. म्हणजे 38 पैकी बहुतेक काउंट बीटाचे होते आणि ती त्यांना फोटॉन समजून भागाकार करत होती.

हे सिद्ध करणं सोपं आहे. गावातल्या स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडून 3 मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा तुकडा आणला आणि चकती व खिडकीच्या मधे उभा केला. सीझियमच्या सगळ्यात जोरकस बीटालाही थांबवायला 2 मिमी ॲल्युमिनियम पुरतं. 662 केइव्हीच्या गामातले मात्र 3 मिमीत फक्त सहा टक्के कमी होतात. काउंट खरोखर गामाचे असते, तर 2,300 चे फार तर 2,160 झाले असते. झाले 156. बॅकग्राउंड काढलं की 128, म्हणजे अठरापटीने कमी. चकती उलटी ठेवली तरी आकडा असाच कोसळतो, पण पत्र्याचा पुरावा पक्का.

इथे एक प्रामाणिक शंका येते: मग 128 तरी सगळे गामाचेच कशावरून? आम्ही आणखी 3 मिमीचा पत्रा लावून पाहिला. काउंट आधीच्या साधारण 94 टक्क्यांवर आला, जेवढा गामा कमी व्हायला हवा तेवढाच. बीटा शिल्लक राहिले असते तर तो याहून बराच खाली गेला असता. तिथे माझं समाधान झालं.

आता पुन्हा गणित. पत्र्यामुळे 70,800 चे 66,600 झाले. 0.0055 ने गुणलं की खिडकीवर सेकंदाला 368. मोजले 128 भागिले 60, म्हणजे 2.13. कार्यक्षमता 0.58%. हा आकडा पटण्यासारखा होता. पण तिला एव्हाना संशय घ्यायची सवय लागली होती, म्हणून तिने चकती वेगवेगळ्या अंतरांवर ठेवून मोजलं. बॅकग्राउंड काढून मिनिटाला आलेले काउंट असे: 30 मिमीवर 288, 50 वर 128, 80 वर 56, 120 वर 27.

अंतराच्या वर्गाचा नियम सगळ्यांना माहीत असतो. 30 वरून 50 वर गेल्यावर काउंट 2.8 पटीने घटायला हवा होता. घटला 2.25 पटीने. फरक आकडेवारीच्या चुकीपेक्षा खूप मोठा होता. प्रत्येक मोजणी दहा मिनिटांची होती. 50 मिमीला एकूण 1,560 काउंट पडले, त्याचं वर्गमूळ साधारण 39, म्हणजे मिनिटामागे 4 ची अनिश्चितता. 128 अधिक-उणे 4. एवढ्या अनिश्चिततेतून 2.8 चं 2.25 होत नाही.

चूक पट्टीत होती. आम्ही अंतर मोजत होतो ते ट्यूबच्या प्लॅस्टिकच्या टोपीच्या कडेपासून. अभ्रकाची खिडकी कडेपासून काही मिमी आत बसवलेली असते, नाहीतर एका बोटाने ती फुटेल. शिवाय गामाचे काउंट खिडकीत पडतच नाहीत, ते पडतात नळीच्या भिंतीत, त्याहून आत. म्हणजे गामाच्या दृष्टीने ट्यूब पट्टी सांगते त्यापेक्षा लांब आहे. किती लांब, हे काढायची एक जुनी युक्ती आहे. काउंट जर 1/(d + d₀)² प्रमाणे बदलत असेल, तर काउंटच्या वर्गमुळाचा व्यस्त अंतरासोबत सरळ रेषेत वाढतो, आणि ती रेषा मागे वाढवली की आडव्या अक्षाला −d₀ वर छेदते. चार बिंदूंची रेषा सरळ आली आणि अक्षाला उणे 9 ते 10 मिमीवर टेकली. खिडकी बिंदू नसून गोल तबकडी आहे, त्यामुळे या युक्तीत d₀ थोडा फुगतो. आम्ही 9 मिमी धरला.

मग d झालं 59 मिमी आणि घनकोनाचा वाटा 0.0055 वरून 0.0040 वर आला. खिडकीच्या दिशेने जाणारे फोटॉन सेकंदाला 266, मोजलेले 2.13, कार्यक्षमता 0.8%. नऊ मिमीच्या चुकीने उत्तर तब्बल 38 टक्क्यांनी हललं. जवळून मोजताना असंच होतं. चकती अर्ध्या मीटरवर असती तर नऊ मिमीने काही बिघडलं नसतं, पण तिथे काउंट बॅकग्राउंडमध्ये बुडाले असते.

आमच्या चकतीतून 33,000 फोटॉन सुटतात तेव्हा त्यातला एक मोजला जातो. तो 0.8% आकडाही चकतीवरच्या ±20% इतकाच भरवशाचा आहे. दहा मिनिटांऐवजी दहा तास मोजलं असतं तरी तो सुधारला नसता, कारण शंका काउंटची नाही, चकतीत मुळात किती आहे याची आहे. हे तिला पटायला वेळ लागला. चार-चार तास मोजून आपण अचूक होतोय असं वाटत राहतं. एकदा तर रात्रभर लावून ठेवलेला काउंटर लाईट गेल्याने मधेच बंद पडला, आणि तिला त्याचं भलतंच वाईट वाटलं. (काउंटरला डेड टाइमही असतो, म्हणजे एका काउंटनंतर तो क्षणभर काहीच मोजत नाही, पण सेकंदाला दोन-चार काउंट पडत असताना त्याची दखल घ्यायची गरज नव्हती.)

आता केळी. पोटॅशियमच्या अणूंपैकी 0.0117% अणू पोटॅशियम-40 चे असतात. त्यामुळे एक ग्रॅम पोटॅशियममध्ये, मग ते कुठूनही आणा, सेकंदाला सुमारे 31 क्षय होतात. त्यातल्या 10.7% क्षयांत 1,461 केइव्हीचा गामा निघतो, बाकीच्यांत बहुतेक नुसता बीटा. केळीच्या 100 ग्रॅम गरात पोटॅशियम असतं 0.36 ग्रॅमच्या आसपास. बारा केळ्यांचा गर 1,200 ग्रॅम धरला तर पोटॅशियम 4.3 ग्रॅम, क्षय सेकंदाला 134, आणि गामा फोटॉन 14. चकतीतून 70,800 आणि अख्ख्या फणीतून 14.

फणी ट्यूबच्या बाजूला ठेवली होती, तोंडाशी नाही. बाजूने पाहिलं तर ट्यूब 15 मिमी गुणिले 40 मिमीची पट्टी दिसते, म्हणजे 6 चौ. सेंमी. खिडकी पावणेदोन चौ. सेंमीचीच आहे, तेव्हा बाजूने ठेवण्यात फायदाच आहे. केळी सरासरी 10 सेंमीवर धरली तर 6 भागिले 4π गुणिले 100, म्हणजे 0.0048 वाटा. 14 पैकी ट्यूबमधून जाणारे फोटॉन सेकंदाला 0.068.

कार्यक्षमता कुठली घ्यायची? 0.8% ही 662 केइव्हीची आहे. जास्त ऊर्जेच्या फोटॉनने उडवलेला इलेक्ट्रॉन भिंतीतून जास्त लांबवर येतो, म्हणून भिंतीचा जास्त जाड थर कामाला येतो. या पट्ट्यात जीएमची कार्यक्षमता ढोबळमानाने ऊर्जेच्या प्रमाणात वाढते. 1,461 भागिले 662 म्हणजे 2.2 पट, तेव्हा 1.8% धरली. यात एक उधारी आहे हे कबूल करतो: 0.8% आम्ही तोंडाकडून येणाऱ्या फोटॉनसाठी काढली आणि वापरतोय बाजूने येणाऱ्यांसाठी. बाजूने फोटॉन भिंत आडवी ओलांडतो, तोंडाकडून आलेला तिला तिरका घासत जातो. दोन्हीत फरक असणार, आणि तो काढायला चकती बाजूला ठेवून वेगळं मोजायला हवं होतं. ते आम्ही केलं नाही.

तर 0.068 गुणिले 1.8% म्हणजे सेकंदाला 0.0012, मिनिटाला 0.072. फणीतला एक फोटॉन दर चौदा मिनिटांनी मोजला जाणार, आणि त्या चौदा मिनिटांत बॅकग्राउंडचे काउंट पडणार 392. पहिल्या दिवशीच्या 283 आणि 279 मध्ये केळीचा वाटा एकाहूनही कमी होता. चारचा फरक नशिबाचा.

मग किती वेळ मोजलं तर केळी दिसेल? फणीसह आणि फणीशिवाय सारखाच वेळ मोजायचा, आणि फरक अनिश्चिततेच्या तिप्पट हवा, असं ठरवलं. तर लागणारा वेळ 18 गुणिले बॅकग्राउंड, भागिले केळीच्या काउंटचा वर्ग. 18 × 28 / 0.072² म्हणजे सुमारे 97,000 मिनिटं. फणीसह साडेसदुसष्ट दिवस आणि फणीशिवाय साडेसदुसष्ट दिवस. तोवर फणीचं काय होईल ते खानदेशात सांगायला नको. शिवाय साडेचार महिन्यांत बॅकग्राउंड स्वतःच हललं असतं, त्याला तर हजारात दोन-तीनचा फरकही पुरतो.

या हिशेबातली एक गंमत मला आजही आवडते. केळीतून सुटलेल्या दर 12,000 फोटॉनांतला एक मोजला जात होता, सीझियममधून 33,000 तला एक. म्हणजे केळीसमोर आमचा काउंटर सीझियमपेक्षा जवळपास तिप्पट चांगलं काम करत होता, ऊर्जा जास्त आणि बाजू रुंद. तरीही दिसलं काहीच नाही, कारण मुळात सुटलेच चौदा.

इथे प्रकल्प संपायला हरकत नव्हती. पण ती म्हणाली, "सर, आमच्या शेडमध्ये पोटॅशच्या गोण्या आहेत." केळीला पोटॅश किती लागतो हे इकडे सगळ्यांना ठाऊक. गोणी 50 किलोची, वर 60% K₂O छापलेलं. K₂O हे नुसतं हिशेबाचं नाव आहे, आत असतं पोटॅशियम क्लोराइड. K₂O च्या 60% चं पोटॅशियम होतं साधारण 50%, म्हणजे गोणीत 25 किलो. गुणिले 31, क्षय सेकंदाला पावणेआठ लाख. गामा 83,000.

दोघंही जरा थबकलो. शेडमध्ये पडलेली खताची गोणी लॅबच्या कुलपातल्या चकतीपेक्षा जास्त फोटॉन सोडते.

मग तिच्यावर ठेवलेला काउंटर किती दाखवेल? चकतीचं सूत्र इथे चालत नाही, कारण गोणी बिंदू नाही. 75 × 45 × 14 सेंमीच्या ढिगाऱ्यात ते फोटॉन पसरलेले असतात. ट्यूबच्या बुडाशी असलेलं पोटॅश जवळ आहे, कोपऱ्यातलं लांब. आणि खालच्या थरातून वर येणारा फोटॉन वाटेतल्या पोटॅशमध्येच अडखळतो. 1,461 केइव्हीला सेंमीमागे साधारण साडेपाच टक्के जातात, म्हणजे 14 सेंमी सरळ वर चढताना निम्म्याहून जास्त.

तिने स्प्रेडशीटमध्ये गोणीचे 5 सेंमीचे ठोकळे पाडले. प्रत्येक ठोकळ्यातून सुटणारे फोटॉन, ट्यूबपर्यंतचं अंतर, वाटेत किती पोटॅश, आणि मग सगळ्यांची बेरीज. ट्यूबखालचे ठोकळे एवढे मोठे ठेवले तर उत्तर हलतं, कारण ठोकळ्याची बाजू अंतराएवढीच होते. म्हणून वरचा थर एक-एक सेंमीचा केला. ट्यूबच्या जागी दर चौ. सेंमीला सेकंदाला सुमारे 11 फोटॉन आले. आडव्या ट्यूबचा सगळ्या दिशांनी मिळून सरासरी आडवा पृष्ठभाग साडेपाच चौ. सेंमीच्या वर. 11 × 5.6 × 1.8% म्हणजे सेकंदाला 1.1, मिनिटाला 65 काउंट. हा आकडा तिने मोजायच्या आधी वहीत लिहिला आणि मला सही करायला लावली. नंतर उत्तर जुळवून घेतलं असं कोणी म्हणू नये म्हणून.

बॅटरीवर चालणारा काउंटर घेऊन आम्ही त्यांच्या शेतात गेलो. पहिल्याच मोजणीत गाडं अडलं. शेडमध्ये बॅकग्राउंड मिनिटाला 44 आलं, लॅबमध्ये ते 28 असतं. आधी विटांच्या भिंतीवर संशय घेतला. मग तिनेच मागे वळून पाहिलं: हातभर अंतरावर पोटॅशच्या गोण्यांची थप्पी. बॅकग्राउंड म्हणून आम्ही थप्पीच मोजत होतो, आणि ती वजा केली असती तर गोणी खोटीच कमी दिसली असती. एक गोणी उचलून खळ्यात आणली. तिथे बॅकग्राउंड 31.

गोणीवर 3 मिमीचा पत्रा ठेवला. पोटॅशियम-40 चे बीटा जोरकस असतात, तरी या पत्र्यात थांबतात. त्यावर ट्यूब आडवी ठेवून अर्धा तास मोजलं. एकूण 3,330, मिनिटाला 111. बॅकग्राउंड काढून 80, अधिक-उणे 2.

तिच्या वहीत 65 होते. 15 चा फरक नशिबाचा नाही, अनिश्चितता दोनचीच आहे. मला वाटतं यातला मोठा वाटा हिशेबात न धरलेल्या फोटॉनांचा आहे. गोणीत अडखळलेला फोटॉन आम्ही मेला असं धरलं होतं. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा दिशा बदलून, थोडी ऊर्जा गमावून पुढे जातो, आणि त्यातले काही ट्यूबमध्ये येतात. ट्यूबला ऊर्जा कळत नाही, ती त्यांनाही मोजते. उरलेल्या फरकात चकतीचे ±20% आणि ती बाजू-तोंडाची उधारी दडली असेल. कागदावरचा अंदाज आणि मोजणी यात सव्वापटीचा फरक, हे अशा ट्यूबसाठी मी चांगलं मानतो. दहा टक्क्यांवर जुळलं असतं तर मी उलट चुका शोधल्या असत्या. 83,000 सुटत होते, मोजले जात होते सेकंदाला 1.3. बासष्ट हजारातला एक.

तिचे वडील, अप्पा, एवढा वेळ बाजेवर बसून सगळं पाहत होते. त्यांनी विचारलं, "सर, बाजारात पोटॅशमध्ये मीठ मिसळतात म्हणतात. हे यंत्र ते सांगेल का?"

मी आधी नाही म्हणणार होतो. सव्वापटीची चूक असणारा हिशेब भेसळ काय सांगणार? मग लक्षात आलं की त्यांना गोणीत किती पोटॅश आहे ते नकोच होतं, ही गोणी त्या गोणीसारखी आहे का एवढंच हवं होतं. दोन गोण्या एकाच पत्र्याखाली, एकाच जागी, तीच ट्यूब त्याच पद्धतीने ठेवून मोजल्या, तर घनकोन तोच राहतो, कार्यक्षमता तीच राहते, चकतीचा ±20% तर वाटेतच येत नाही. आमच्या सगळ्या शंका भागाकारात उडून जातात. मिठात पोटॅशियम-40 नसतं, म्हणून दहा टक्के मीठ मिसळलं तर काउंट 80 चे 72 होतील. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन मोजण्यांत फरकाची अनिश्चितता 2.7 राहते, तेव्हा 8 चा फरक जेमतेम ओळखता येईल. अडचण एकच, गोणी ठोकून सपाट केलेली हवी. एक गोणी 14 सेंमी जाड आणि दुसरी 11, तर भेसळ नसतानाही काउंट बदलेल.

अप्पांनी उठून दुसऱ्या दुकानातून आणलेली गोणी खळ्यात ओढली आणि काठीने ठोकून सारखी केली. मिनिटाला 78 आले. "मग बरोबर आहे," असं म्हणून त्यांनी दोन्ही गोण्या परत थप्पीवर चढवल्या.